१०६ टक्के मोठे की १०० टक्के? लॅपटॉपच्या स्क्रीनवरच्या रंगांचा हिशेब

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी तीन लॅपटॉपांवर येऊन थांबलो आहे. पहिल्याच्या माहितीत स्क्रीनपुढे "45% NTSC" लिहिलंय, दुसऱ्याच्या "106% sRGB" आणि तिसऱ्याच्या "100% DCI-P3". १०६ हा आकडा सगळ्यांत मोठा, म्हणजे दुसराच सर्वांत चांगला असं समजायचं का? आणि ४५ म्हणजे निम्मेसुद्धा रंग दिसणार नाहीत का? मी वेबसाइटसाठी वस्तूंचे फोटो एडिट करतो, बाकी वेळ ऑफिसचं काम. विंडोज वापरतो. कृपया नीट समजावून सांगा.

उत्तर

आधी थोडक्यात निकाल सांगतो. पहिला लॅपटॉप फोटोंच्या कामासाठी घेऊ नका. दुसरा कदाचित तुमच्यासाठी उत्तम असेल, पण "१०६ टक्के" या आकड्यावरून ते कळत नाही. त्यासाठी आणखी एक आकडा शोधावा लागेल. तिसऱ्याचा रंगांचा आवाका या तिघांत सर्वांत मोठा आहे, मात्र विंडोजवर तो नीट सेट केला नाही तर तुमच्याच कामात तो त्रास देईल.

गोंधळ होतो तो तिन्ही टक्के एकाच मापाचे आहेत असं गृहीत धरल्यामुळे. टक्का म्हटला की तो "कशाचा" हे विचारायला हवं. इथे तीन वेगवेगळ्या गोष्टींचे टक्के शेजारी शेजारी ठेवलेत. एका कापडाची लांबी वारात, दुसऱ्याची फुटात आणि तिसऱ्याची मीटरमध्ये दिली, तर नुसते आकडे बघून लांब कापड निवडता येणार नाही, तसंच हे.

डोळ्याला दिसणारे सगळे रंग एका नकाशावर मांडता येतात. १९३१ साली सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने तो ठरवला आणि स्क्रीनचे टक्के काढताना आजही बहुतेक वेळा तोच वापरतात. या नकाशावर प्रत्येक रंगाला एक्स आणि वाय असे दोन आकडे मिळतात. स्क्रीनला तीनच मूळ रंग असतात, लाल, हिरवा आणि निळा. त्यांचे तीन बिंदू नकाशावर टाकून जोडले की एक त्रिकोण तयार होतो. त्रिकोणाच्या आतले रंग स्क्रीन दाखवू शकते, बाहेरचे नाही. या त्रिकोणालाच गॅमट म्हणतात. तुमच्या पत्रातली तीन नावं म्हणजे तीन ठरलेले, प्रमाण मानलेले त्रिकोण आहेत. विक्रेता आपल्या स्क्रीनचा त्रिकोण त्यांतल्या कुठल्यातरी एकाशी ताडून टक्का लिहितो.

एनटीएससीचा त्रिकोण १९५३ चा, अमेरिकेतल्या पहिल्या रंगीत टीव्हीसाठी ठरवलेला. तो बराच मोठा आहे आणि आज त्यात कोणी फोटो किंवा व्हिडिओ बनवत नाही. तो उरलाय फक्त पॅनेल बनवणाऱ्यांच्या कागदांवर. एसआरजीबीचा त्रिकोण १९९६ मध्ये मांडला गेला आणि १९९९ मध्ये अधिकृत मानक झाला. इंटरनेटवरचे फोटो, ऑफिसची कागदपत्रं, साधे व्हिडिओ जवळजवळ सगळे याच त्रिकोणात असतात, म्हणून तुमच्या कामाची मोजपट्टी हीच. डीसीआय-पी३ हा डिजिटल सिनेमागृहांसाठीचा. एसआरजीबी पूर्णपणे त्याच्या पोटात बसतो आणि वर लाल-हिरव्या बाजूला जागा उरते.

आता हे तीन त्रिकोण एकमेकांत बदलून बघू. १९३१ च्या नकाशावर एनटीएससीचं क्षेत्रफळ ०.१५८२ येतं, एसआरजीबीचं ०.११२१ आणि पी३ चं ०.१५२०. म्हणजे एसआरजीबी हा एनटीएससीच्या ७०.८ टक्के. बाजारात हा आकडा ७२ असा फिरतो, आणि म्हणूनच "७२ टक्के एनटीएससी" लिहिलेली स्क्रीन साधारण शंभर टक्के एसआरजीबीच्या आसपासची असते. पी३ हा एसआरजीबीच्या १३५.७ टक्के. म्हणजे तुमचा तिसरा लॅपटॉप दुसऱ्याच्याच भाषेत मांडला तर "१३६ टक्के एसआरजीबी" होतो. तिथेच १०६ मोठा की १०० मोठा हा प्रश्न मिटतो.

पहिल्याचंही असंच करा. ४५ भागिले ७०.८ म्हणजे साडेत्रेसष्टच्या आसपास. बहुतेक जण ७२ ने भागतात, मग ६२.५ येतात. दोन्ही चालतील, कारण माहितीपत्रकातला ४५ हा आकडाच मुळात ठरावीक नमुन्याचा असतो, प्रत्येक तुकडा मोजून लिहिलेला नसतो. म्हणजे वेबवरच्या रंगांपैकी निम्मे नाहीत, तर दोन तृतीयांशाहून थोडा कमी भाग तो दाखवतो, असं नकाशाच्या हिशेबाने म्हणता येईल. उरलेला भाग कुठला, हे जास्त महत्त्वाचं.

या वर्गातल्या पॅनेलचे मूळ रंग साधारण असे धरा: लाल (०.५८, ०.३४), हिरवा (०.३३५, ०.५५), निळा (०.१५५, ०.१२). हा नमुना आहे, पण त्याचं क्षेत्रफळ काढलं तर एनटीएससीच्या ४५.२ टक्के येतं, म्हणजे तुमच्या पहिल्या लॅपटॉपसारखाच. एसआरजीबीचा लाल असतो (०.६४, ०.३३) आणि निळा (०.१५, ०.०६). म्हणजे लाल टोक आतल्या बाजूला, पांढऱ्याकडे सरकलंय. निळ्या टोकाचा वाय ०.०६ वरून ०.१२ वर गेलाय, म्हणजे निळाही फिकट झालाय. अशा स्क्रीनवर ब्राउझरमध्ये अगदी शुद्ध लाल, #ff0000, उघडलात तर तो गडद लाल दिसत नाही, विटकरीकडे झुकलेला दिसतो. जांभळ्या रंगाचं निळसर होणं, पिवळसर हिरव्याचं मळकट होणं, हे सगळं त्याच कारणाने. पांढरा कागद आणि काळी अक्षरं मात्र ठीक दिसतात, त्यामुळे ऑफिसच्या कामात कमतरता कळतही नाही.

हे पॅनेल वाईट हेतूने बनवलेलं नसतं. एलसीडी स्क्रीनच्या मागे दिवा असतो आणि पुढे लाल, हिरवे, निळे गाळणीचे ठिपके. गाळणी पातळ ठेवली की प्रकाश जास्त सुटतो, तेवढ्याच उजेडासाठी वीज कमी लागते, बॅटरी टिकते, दिवाही स्वस्तातला चालतो. पण पातळ गाळणीतून शेजारचे रंगही झिरपतात, म्हणून लाल पुरता लाल राहत नाही. गाळणी जाड केली तर रंग शुद्ध होतात आणि प्रकाश घटतो. पी३ गाठायला तेवढ्याने भागत नाही, दिव्यातच सुधारणा लागते: लाल रंगाची अरुंद पट्टी देणारा वेगळा फॉस्फर, क्वांटम डॉट, नाहीतर थेट ओएलईडी. म्हणून ४५ टक्क्यांची स्क्रीन कॅलिब्रेट करून ७२ ची होत नाही. गाळणी आणि दिवा तोच राहतो. कॅलिब्रेशनने त्रिकोणाच्या आतले रंग जागेवर बसतात, त्रिकोणाची टोकं पुढे सरकत नाहीत.

तुमच्या कामात याचा फटका कसा बसतो ते बघा. समजा लाल रंगाच्या पिशवीचा फोटो तुमच्यासमोर आहे. स्क्रीनवर पिशवी फिकी, विटकरी दिसते, म्हणून तुम्ही सॅच्युरेशन वाढवता. पुष्कळ वाढवलं तरी लाल काही भरत नाही, कारण स्क्रीनकडे तो लाल नाहीच. पण फाइलमध्ये तो आकडा वाढलेला असतो. बघणारा हाच फोटो चांगल्या फोनवर उघडतो तेव्हा पिशवी भडक होऊन तिच्या कापडाची वीण, घड्या, शिवण सगळं एका लाल डागात मिसळून जातं. कॅलिब्रेट करून प्रोफाइल, म्हणजे स्क्रीन नेमके कुठले रंग दाखवते ते सांगणारी फाइल, लावलंत तरी गोष्ट पूर्ण सुटत नाही. आता एडिटिंग सॉफ्टवेअरला कळतं की हा लाल दाखवता येणार नाही, आणि ते त्याला त्रिकोणाच्या कडेवर आणून ठेवतं. फाइलमध्ये वेगवेगळ्या असलेल्या लाल छटा पडद्यावर एकच दिसू लागतात. घडीची सावली फाइलमध्ये आहे की तुमच्या हातून गेली, हे तुम्हाला सांगता येत नाही.

आता दुसऱ्या लॅपटॉपकडे, कारण खरी फसगत तिथे होते. टक्का काढायच्या दोन पद्धती आहेत आणि माहितीपत्रकात कुठली वापरली हे बहुधा लिहिलेलं नसतं. एक पद्धत नुसत्या क्षेत्रफळाची: स्क्रीनच्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ भागिले एसआरजीबीचं क्षेत्रफळ. दुसरी कव्हरेजची: एसआरजीबीच्या त्रिकोणाचा किती भाग स्क्रीनच्या त्रिकोणाने खरोखर झाकला. पहिल्या पद्धतीत शंभराच्या वर कितीही जाता येतं. दुसरीत शंभराच्या वर जाणं शक्यच नाही, कारण संपूर्ण झाकल्यावर आणखी झाकायला काही उरत नाही. म्हणून "१०६ टक्के" दिसला की तो क्षेत्रफळाचा आकडा आहे हे लगेच ओळखा.

क्षेत्रफळ मोठं आणि तरीही झाकण अपुरं, हे कसं होतं? दोन सारख्याच मोठ्या चादरी असल्या तरी एक तिरकी अंथरली तर गादीचा कोपरा उघडा पडतो ना, तसं. आकड्यांनी दाखवतो. असं पॅनेल घ्या: लाल (०.६१, ०.३४), हिरवा (०.२६, ०.६५), निळा (०.१५, ०.०७). हिरवं टोक एसआरजीबीच्या हिरव्याच्या, म्हणजे (०.३०, ०.६०) च्या, बरंच पलीकडे गेलंय. लाल टोक मात्र आखूड आहे. त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढायचं सूत्र हे:

```
A = |xR(yG − yB) + xG(yB − yR) + xB(yR − yG)| / 2
```

आकडे घातले की:

```
0.61 × 0.58  =  0.3538
0.26 × −0.27 = −0.0702
0.15 × −0.31 = −0.0465
बेरीज 0.2371, अर्धे 0.11855
0.11855 / 0.11205 = 1.058
```

म्हणजे १०५.८ टक्के, माहितीपत्रकावर "१०६ टक्के एसआरजीबी" असं बिनदिक्कत छापता येईल, आणि आकडा खोटाही नाही. पण दोन्ही त्रिकोण एकमेकांवर ठेवून सामाईक भाग मोजला तर एसआरजीबीचा फक्त ९१ टक्केच झाकलेला आहे. उरलेले ९ टक्के लालच्या कोपऱ्यात आणि लाल ते निळ्याच्या खालच्या कडेला आहेत. तुमची लाल पिशवी, गुलाबी-जांभळं कापड, नेमकं तिथलंच. बाकी जवळपास १५ टक्के क्षेत्रफळ हिरव्या-निळसर बाजूला एसआरजीबीच्या बाहेर सांडलंय, आणि वेबसाठीच्या फोटोत त्याचा काहीच उपयोग नाही.

सामाईक भाग हाताने काढणं किचकट आहे. पायथॉन येत असेल तर हे चार ओळींत होतं, `shapely` हे पॅकेज आधी बसवून घ्या:

```python
from shapely.geometry import Polygon
s = Polygon([(0.64,0.33),(0.30,0.60),(0.15,0.06)])  # sRGB
p = Polygon([(0.61,0.34),(0.26,0.65),(0.15,0.07)])  # स्क्रीन
print(p.area/s.area*100, p.intersection(s).area/s.area*100)
```

पहिला आकडा क्षेत्रफळाचा येईल, १०५.८, दुसरा कव्हरेजचा, ९१.०. तुमच्या स्क्रीनचे बिंदू मिळाले की फक्त `p` ची ओळ बदलायची.

म्हणजे दुसरा लॅपटॉप वाईटच आहे असं मी म्हणत नाही. १०६ टक्के क्षेत्रफळाची बरीच पॅनेल एसआरजीबी ९८-९९ टक्के झाकतात आणि वर थोडीशी ओसंडतात. अशी स्क्रीन तुमच्या कामाला उत्तम. पण तुमच्या लॅपटॉपचं पॅनेल या जातीचं की त्या, हे १०६ वरून कळत नाही. मोजमाप करून लिहिलेल्या परीक्षणात "कव्हरेज" असा शब्द असलेला आकडा शोधा. तो ९५ च्या वर असेल तर निश्चिंत घ्या. नुसतं "एसआरजीबी १०६ टक्के" एवढंच पुन्हा छापलेलं असेल तर तो माहितीपत्रकाचा उतारा आहे, मोजमाप नव्हे.

एनटीएससीच्या टक्क्यांतही हाच दोष आहे, थोडा जास्तच. एसआरजीबीचं निळं टोक एनटीएससीच्या त्रिकोणाच्या बाहेर पडतं, त्यामुळे त्या दोघांची तुलना कायम क्षेत्रफळाचीच असते. वरचंच नमुना पॅनेल एनटीएससीच्या भाषेत जवळपास ७५ टक्के होतं, आणि "७२ च्या वर आहे म्हणजे एसआरजीबी पूर्ण" असं समजून घेणारा फसतो. "७२ टक्के एनटीएससी" ही आशा धरायला चांगली खूण आहे, खात्री नाही.

इथे एक वेगळा खड्डाही आहे. १९३१ च्या नकाशावर हिरव्याची बाजू फार ताणलेली आहे. डोळ्याला जेवढा फरक जाणवतो त्याहून तिथलं अंतर जास्त दिसतं. ते सुधारायला सीआयईने १९७६ मध्ये दुसरा नकाशा काढला. काही जण टक्के त्यावर मोजतात. त्या नकाशावर पी३ हा एसआरजीबीच्या १३६ ऐवजी साधारण १२६ टक्के येतो, आणि एसआरजीबी एनटीएससीच्या ७१ ऐवजी चक्क ८७ टक्के. पॅनेल तेच, त्रिकोण तेच, नकाशा बदलला. म्हणून दोन परीक्षणांत एकाच लॅपटॉपचे आकडे जुळले नाहीत तर आधी १९३१ की १९७६ हे बघा. आणि एकाच ठिकाणी मोजलेले आकडे एकमेकांशी ताडा. इथला एक आणि तिथला एक असं नको.

आता तिसरा. पी३ पूर्ण झाकणारी स्क्रीन एसआरजीबीही पूर्ण झाकते, कारण एसआरजीबी त्याच्या पोटात आहे. इथे क्षेत्रफळाचा खेळ चालत नाही असं नाही, "१०० टक्के पी३" हाही क्षेत्रफळाचा असू शकतो. पण आवाका एवढा मोठा असतो की तो थोडा तिरका बसला तरी एसआरजीबीचा कोपरा उघडा पडण्याची शक्यता फार कमी. अडचण वेगळीच आहे, आणि ती स्क्रीन चांगली असल्यामुळेच येते.

फाइलमधला लाल म्हणजे २५५, ०, ० हे तीन आकडे. हा "एसआरजीबीचा लाल" आहे की "पी३ चा लाल", हे त्या आकड्यांत लिहिलेलं नसतं. कोणी भाषांतर केलं नाही तर स्क्रीन आपला सर्वांत टोकाचा लाल दाखवते. पी३ स्क्रीनवर तो एसआरजीबीच्या लालपेक्षा खूप भडक असतो. मग चेहरे भाजल्यासारखे लालसर, गवत चमकतं हिरवं, आणि तुम्ही फोटोचं सॅच्युरेशन कमी करत बसता. पहिल्या लॅपटॉपवर जी चूक होणार होती तिचीच उलट: इथे तुमचे फोटो दुसऱ्यांना मरगळलेले दिसतील. मॅकमध्ये हे भाषांतर ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः सगळीकडे करते. विंडोजवर ते बहुतांशी ज्या त्या प्रोग्रॅमवर सोडलेलं आहे. फोटो एडिटिंगचे चांगले प्रोग्रॅम आणि आजचे ब्राउझर करतात, पण त्यांना स्क्रीनचं प्रोफाइल सापडलं तरच. डेस्कटॉप, जुने फोटो दाखवणारे प्रोग्रॅम, बरेचसे ऑफिसचे प्रोग्रॅम करत नाहीत.

तुमच्यासारख्या कामाला सोपा मार्ग असा. काही लॅपटॉपांत कंपनीच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये "sRGB" नावाचा मोड असतो. तो लावला की स्क्रीन स्वतःच एसआरजीबीच्या त्रिकोणापुरती आवरून घेते. सगळे प्रोग्रॅम, भाषांतर करणारे आणि न करणारे, बरोबर दिसू लागतात. तुम्ही वेबसाठी एसआरजीबीच बनवत असाल तर रोज हाच मोड ठेवा. पण मग स्क्रीनचं पी३ चं प्रोफाइल लावलेलं ठेवू नका, नाहीतर एडिटर एकदा आणि स्क्रीन दुसऱ्यांदा असा रंग दोनदा दाबला जाईल आणि सगळं फिकं दिसेल. विंडोज ११ च्या 22H2 पासून "Automatically manage color for apps" असा पर्याय आला आहे. ज्या स्क्रीनवर तो चालू शकतो तिथेच दिसतो, आणि दिसत असेल तर पूर्ण पी३ ठेवूनही डेस्कटॉप ताळ्यावर येतो. खरेदी करण्याआधी त्या मॉडेलमध्ये यांपैकी काय मिळतं हे विचारा. दोन्ही नसतील तर तुमच्या कामाला मी नीट झाकणारा दुसरा लॅपटॉपच पसंत करेन.

भाषांतर होतंय की नाही हे एका छोट्या फाइलने तपासता येतं. खालच्या ओळी `test.html` नावाने ठेवा आणि क्रोम किंवा एजच्या अलीकडच्या आवृत्तीत उघडा:

```html
<div style="background:#f00;padding:60px">
  <div style="background:color(display-p3 1 0 0);
              width:120px;height:120px"></div>
</div>
```

बाहेरचा चौकोन एसआरजीबीचा लाल, आतला पी३ चा. पी३ स्क्रीन असून प्रोफाइल नीट लागलेलं असेल तर आतला चौकोन जास्त गडद, जिवंत लाल असा वेगळा दिसतो. कडा हलकीच असते, खोलीतला दिवा मंद करून बघा. एकसंध लाल दिसला तर दोन शक्यता: स्क्रीनच पी३ ची नाही, किंवा ब्राउझर तिला एसआरजीबीच समजतोय. दुसरी शक्यता असेल तर तो लाल नेहमीच्या साध्या स्क्रीनपेक्षा डोळ्यात खुपण्याइतका भडक दिसेल. दुकानात दोन लॅपटॉप शेजारी ठेवून ही फाइल उघडलीत तर पहिल्याचा विटकरी लाल आणि तिसऱ्याचा लाल यांतला फरक सांगायला कोणी लागणार नाही.

शेवटचं काम घेतल्यानंतरचं, पण परत करायची मुदत संपायच्या आत करायचं. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या बनावटीची पॅनेल बसवलेली असू शकतात, आणि परीक्षणातल्या लॅपटॉपमध्ये चांगलं पॅनेल होतं म्हणून तुमच्या हातातल्या तुकड्यात तेच असेल असं नाही. विंडोजमध्ये Device Manager उघडा, Monitors खालच्या नोंदीवर Properties, मग Details आणि तिथल्या यादीत Hardware Ids निवडा. `MONITOR\BOE` किंवा `MONITOR\AUO` असं काहीतरी आणि पुढे चार अक्षरं-आकडे दिसतील. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची: BOE, AUO, LGD म्हणजे एलजी डिस्प्ले, CMN म्हणजे इनोलक्स, SDC म्हणजे सॅमसंग डिस्प्ले, SHP म्हणजे शार्प. परीक्षणात दिलेल्या पॅनेलशी हे पूर्ण नाव जुळतं का ते ताडा.

पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवता येत असेल तर याहून पुढे जाता येतं. पॅनेलच्या आत स्वतःची माहिती साठवलेली असते, त्यात मूळ रंगांचे बिंदूही असतात. `edid-decode` हा प्रोग्रॅम आधी बसवून घ्या:

```
cat /sys/class/drm/card*-eDP-1/edid | edid-decode
```

"Color Characteristics" खाली Red, Green, Blue पुढे प्रत्येकी दोन आकडे येतील. तेच वरच्या पायथॉनच्या `p` मध्ये घाला. हे आकडे बनवणाऱ्याने लिहून ठेवलेले असतात, तुमच्याच तुकड्याचं मोजमाप नसतं, त्यामुळे एखाददुसऱ्या टक्क्याचा फरक मनावर घेऊ नका. पण तिथे लालचा एक्स ०.५८ च्या आसपास दिसला आणि खोक्यावर शंभर टक्के एसआरजीबी लिहिलेलं असेल, तर लॅपटॉप परत करा.